एकदा गाळलेली, दोनदा गाळलेली: पिस्कोच्या भांडणामागची भट्टी

जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दारूच्या नावाबद्दल निकाल दिला. दारूचं नाव पिस्को. ती द्राक्षांपासून बनते, म्हणजे जातीने ब्रँडीच, आणि दक्षिण अमेरिकेतले पेरू आणि चिली हे दोन शेजारी देश तिला आपापली म्हणतात. भारतात हे नाव फक्त आपल्यालाच मिळावं म्हणून पेरूने २००५ मध्ये अर्ज केला होता. वीस वर्षांनी न्यायालयाने सांगितलं की नाव दोघांचंही आहे, फक्त पुढे देश लावा: पेरूव्हियन पिस्को आणि चिलियन पिस्को.

बातमी वाचून बहुतेकांना वाटलं असेल की हे नुसतं नावावरचं भांडण आहे, कोल्हापुरी चपलेसारखं. पण या दोन बाटल्यांतला द्रव खरोखरच वेगळा असतो. पेरूचा नियम असा की वाइन भट्टीत एकदाच गाळायची आणि जे बाहेर येईल त्यात पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. चिलीत ७३ टक्के अल्कोहोलपर्यंत गाळता येतं, पुन्हा गाळता येतं आणि नंतर पाणी घालून हव्या त्या तीव्रतेवर आणता येतं. तिकडे फ्रान्समध्ये कोन्याक नावाची जगप्रसिद्ध ब्रँडी दोनदा गाळलीच पाहिजे, असा कायदाच आहे.

एकदा की दोनदा, याने काय बिघडतं? माझ्या मते ब्रँडीबद्दल विचारण्यासारखा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर ग्लासात नाकाने ओळखता येतं. त्यासाठी आधी भट्टीत डोकवावं लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे सर्दी झाली की चमचाभर पाजतात ती स्वस्त ब्रँडी बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून काढलेल्या, चव-वास नसलेल्या स्पिरिटवर बेतलेली असते. द्राक्षाचा अंश तिच्यात थोडाच असतो. हा लेख तिच्याबद्दल नाही. इथे ब्रँडी म्हणजे द्राक्षाच्या वाइनमधून थेट गाळलेली दारू.

भट्टीत नेमकं काय होतं

वाइन म्हणजे ढोबळमानाने पाणी, त्यात दहा-बारा टक्के अल्कोहोल आणि चिमूटभर शेकडो वासाचे पदार्थ. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. म्हणून वाइन तापवली की वर जाणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण खालच्या वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं. ती वाफ थंड केली की जास्त कडक दारू मिळते. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. पुढे मी त्याला सरळ गाळणं म्हणेन, भट्टीवरची माणसंही तेच म्हणतात.

पण ७८ अंशांना सगळा अल्कोहोल उडून जातो आणि पाणी खाली राहतं, असं होत नाही. दोन्ही एकत्रच उडतात, फक्त प्रमाण बदलत जातं. सुरुवातीला नळीतून येणारी धार साठ टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी वर असते. हंड्यातला अल्कोहोल जसजसा संपतो तसतशी धार पातळ होत जाते, पन्नास, चाळीस, तीस, वीस आणि शेवटी जवळजवळ पाणीच. दारू गाळणाऱ्याची सगळी कला या उतरत्या धारेवर लक्ष ठेवून भांडं कधी बदलायचं हे ठरवण्यात आहे.

लहान भट्टीत, म्हणजे तांब्याचा हंडा, वर टोपण आणि थंड पाण्यातून जाणारी नळी असलेल्या भट्टीत, हे सगळं एका भरण्यात होतं. हंडा भरायचा, गाळायचं, रिकामा करायचा, धुवायचा, पुन्हा भरायचा. पेरूमध्ये याचा फार जुना प्रकार अजून वापरात आहे. त्याला फाल्का म्हणतात. विटा-चुन्याने बांधलेली बुटकी भट्टी, तिच्या खांद्यातून निघणारी आणि पुढे निमुळती होत जाणारी लांब तांब्याची नळी, आणि ती नळी ज्यातून जाते तो पाण्याचा हौद. हंसाच्या मानेसारखी उंच वळणं त्यात नाहीत, त्यामुळे वाफेला वाटेत थंड होऊन परत हंड्यात पडायला फारशी जागा मिळत नाही. जे उडतं ते जवळजवळ तसंच बाहेर येतं.

शंभर लिटर वाइन, दोन भट्ट्या

आता एक हिशेब करू. आकडे गोळाबेरजेचे आहेत, पण प्रत्यक्षात भट्टीवर जे घडतं त्याच्या जवळचे आहेत.

पेरूच्या इका खोऱ्यात वाळवंटी ऊन आहे. तिथली द्राक्षं चांगली गोड होतात आणि त्यांच्या वाइनमध्ये १३ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सहज येतो. अशा शंभर लिटर वाइनमध्ये १३ लिटर शुद्ध अल्कोहोल असतो. भट्टी पेटवली, पहिला अर्धा-एक लिटर बाजूला काढला आणि नंतरची धार एका भांड्यात जमा करत गेलो. भांड्यातल्या दारूची सरासरी ४४ टक्क्यांवर आली की थांबायचं. तोवर साधारण २५ लिटर जमा झालेलं असतं, म्हणजे ११ लिटर शुद्ध अल्कोहोल. हे २५ लिटर काच, स्टील अशा चव न देणाऱ्या भांड्यात निदान तीन महिने विसावतात आणि मग थेट बाटलीत जातात. कायद्याने पेरूची पिस्को ३८ ते ४८ टक्क्यांच्या मध्ये असावी लागते, ती भट्टीतूनच तशी उतरते.

आता फ्रान्सच्या कोन्याक भागात जाऊ. तिथे हवा थंड आणि ओलसर. उन्यी ब्लांक नावाचं आंबट, सौम्य वासाचं द्राक्ष तिथे मुख्य, आणि त्याची वाइन जेमतेम ९ टक्क्यांची. शंभर लिटरमध्ये ९ लिटर अल्कोहोल. ही एकदा गाळली तर सगळा अल्कोहोल पदरात पडेपर्यंत ३० लिटर जमा होतं आणि त्याची तीव्रता भरते फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. दिसायला गढूळ, चवीला ओबडधोबड. या पहिल्या खेपेच्या दारूला तिथे ब्रुयी म्हणतात. ती ब्रँडी म्हणून विकता येत नाही, म्हणून पुन्हा हंड्यात जाते. दुसऱ्या खेपेला धार सत्तरीच्या पुढून सुरू होते, आणि ती साठच्या आसपास उतरली की गाळणारा भांडं बदलतो. मधला जो उत्तम भाग हाती लागतो तो ९-१० लिटरच, पण ७० टक्क्यांचा. उरलेली धार फेकत नाहीत, ती पुढच्या भरण्यात मिसळतात.

कोन्याकला दुसरी खेप लागते याचं मूळ असं हवेत आणि द्राक्षात आहे. पातळ वाइनला दोन पायऱ्या चढाव्या लागतात, गोड द्राक्षाच्या वाइनला एक पुरते. परंपरा, चव, कायदा हे सगळं त्यानंतर आलं.

गोव्याला जाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काजूच्या बोंडाचा आंबवलेला रस द्राक्षाच्या वाइनपेक्षा बराच सौम्य असतो. तो भट्टीवर एकदा गाळला की मिळतो उर्राक, साधारण १५ टक्क्यांचा, हलका, बोंडाचा वास जसाच्या तसा घेऊन आलेला. तो टिकतही नाही, म्हणून मार्च ते मे संपला की उर्राकही संपतो. तोच पुन्हा भट्टीत गेला की चाळिशीच्या वरची फेणी होते, वर्षानुवर्षं टिकणारी. ज्याने एकाच भट्टीवर सकाळी उर्राक आणि संध्याकाळी फेणी चाखली आहे त्याला या लेखातली अर्धी गोष्ट जिभेने आधीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी अशी, की पेरूचा माणूस एकाच खेपेत फेणीच्या तीव्रतेला पोहोचतो, तेही उर्राकचा फळपणा फारसा न गमावता.

पहिली धार आणि शेवटची धार

आपल्याकडे कडक दारूला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात आणि म्हणताना त्यात कौतुक असतं. पहिली धार सगळ्यात कडक असते हे खरंच आहे. पण जाणता गाळणारा अगदी पहिली धार पिण्यासाठी ठेवत नाही. तिच्यात नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा आणि कच्च्या सफरचंदासारखा झणझणीत वास असतो. पेरूमध्ये धारेच्या तीन भागांना डोकं, धड आणि शेपूट म्हणतात. डोकं काढायचं, धड ठेवायचं, शेपूट सोडायची.

एकदा गाळणं आणि दोनदा गाळणं यांतला खरा फरक शेपटीशी आहे.

कोन्याकमध्ये दुसऱ्या खेपेला धार ६० टक्क्यांवर आली की धड संपलं. पेरूमध्ये भांड्यातली सरासरी ४४ वर यायची तर धार त्याच्याही खूप खाली जाऊ द्यावी लागते. वरच्या हिशेबात शेवटचे लिटर भांड्यात पडत होते तेव्हा नळीतून येणारी धार विसाच्या आसपास उतरलेली होती. एकाने धार साठवर तोडली, दुसऱ्याने विसावर. आता साठ ते वीस या मधल्या पट्ट्यात कोण कोण बसलंय ते पाहू.

वासाचे पदार्थ आपापल्या उकळबिंदूप्रमाणे ओळीने बाहेर पडत नाहीत. कोणाला पाणी आवडतं आणि कोणाला अल्कोहोल, यावर ते जास्त ठरतं. ज्यांना पाणी नकोसं असतं ते लवकर निघतात. मस्कत जातीच्या द्राक्षांचा फुलांसारखा वास ज्याच्यामुळे येतो त्या पदार्थाचं नाव लिनालूल. तो आपल्या घरातही आहे, धणे भाजताना जो वास सुटतो त्यात मोठा वाटा त्याचाच. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणून धारेच्या पहिल्या भागातच येतो आणि एकदा गाळा की दोनदा, तो हाती लागतोच. याउलट ज्यांना पाणी प्रिय असतं ते शेवटपर्यंत हंड्यात रेंगाळतात आणि पाण्याबरोबरच बाहेर पडतात. गुलाबपाण्याला गुलाबाचा वास देणारा एक मुख्य पदार्थ असाच आहे. पाकळ्या पाण्यात उकळून वाफ थंड केली की तो अत्तराच्या तेलात कमी आणि पाण्यात जास्त सापडतो, म्हणून तर गुलाबपाणी इतकं सुवासिक असतं. वाइनमध्येही तो असतो, कारण आंबवताना यीस्ट तो तयार करतं. साठवर धार तोडली तर तो बहुतांशी मागेच राहतो, विसापर्यंत जाऊ दिली तर त्यातला बराच भांड्यात येतो.

त्याच पट्ट्यात कमी गोड मंडळीही बसलेली असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा, शिळ्या उकडलेल्या कोबीसारखा, जड तेलकट वास देणारे पदार्थ. शेपूट म्हणतात ती हीच. पेरूच्या माणसाला गुलाब हवा आणि कोबी नको, आणि दोघं एकाच दारातून येतात. म्हणून तो मंद आचेवर गाळतो. आच वाढली की हंडा खळखळतो, वाफ घाईने वर धावते आणि शेपटीतले पदार्थ धडातच घुसतात. भट्टीवर रात्रभर बसून लाकूड मागे-पुढे सरकवणारा माणूस याच भीतीने जागा असतो.

बाटलीतलं पाणी कुठलं?

ही गोष्ट मला फार आवडते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

४४ टक्के अल्कोहोलच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त पाणी असतं. पेरूच्या पिस्कोत हे पाणी द्राक्षाचं आहे. वेलीने जमिनीतून ओढलं, मण्यात साठवलं, वाइनमध्ये आलं, हंड्यात वाफ झालं आणि वासाचे पदार्थ आपल्यासोबत घेऊन नळीतून उतरलं. सत्तर टक्क्यांच्या दारूची ४० टक्क्यांची ७५० मिलिलिटरची बाटली करायची तर हिशेब वेगळा होतो. बाटलीत ३०० मिलिलिटर अल्कोहोल हवा, त्यासाठी सत्तरची दारू सुमारे ४३० मिलिलिटर पुरते. उरलेलं तीनशेहून जास्त मिलिलिटर पाणी शुद्ध केलेलं, चवहीन, बाहेरून घातलेलं. कोन्याकमध्ये ते अनेक महिन्यांत हळूहळू घालतात, आणि पिंपात वर्षानुवर्षं राहून दारूची तीव्रता आपोआपही थोडी उतरते, त्यामुळे बाहेरचं पाणी थोडं कमी लागतं. तरी तत्त्व तेच.

स्वयंपाकातलं उदाहरण द्यायचं तर एक बाई आमटी चुलीवरच हवी तितकी पातळ ठेवून उतरवते. दुसरी आधी घट्ट वाटण आटवून ठेवते आणि वाढायच्या वेळी गरम पाणी घालते. दोघींची आमटी उत्तम होऊ शकते. पण पहिलीला चुलीपुढून हलता येत नाही, आणि तिच्या आमटीतलं पाणी डाळीबरोबर शिजलेलं असतं.

ग्लासात काय दिसतं

कोन्याक आणि पिस्को शेजारी ठेवून हा फरक शोधू नका. कोन्याकला ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं काढावी लागतात. तिचा सोनेरी रंग आणि व्हॅनिलाचा वास लाकडातून येतो, भट्टीतून नव्हे. ते लाकूड भट्टीचा फरक झाकून टाकतं.

न्याय्य तुलना करायची तर दोन्हीही लाकूड न पाहिलेल्या, पांढऱ्या, एकाच कुळातल्या द्राक्षाच्या हव्यात. माझा मावसभाऊ परदेशातून येताना अशा दोन बाटल्या घेऊन आला होता. एक पेरूची, इतालिया नावाच्या मस्कत कुळातल्या द्राक्षाची, ४२ टक्क्यांची. दुसरी चिलीची, मस्कतचीच, दोनदा गाळून पाण्याने ४० वर आणलेली. ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते दोन ग्लास घेतले, प्रत्येकात दोन चमचे दारू ओतली आणि दहा मिनिटं हात लावला नाही. ओतल्या ओतल्या नाक घातलं तर फक्त अल्कोहोल टोचतो.

चिलीचा ग्लास पहिल्याच वासाला सगळं सांगून टाकतो. फुलं, लिंबाची साल, हिरवी द्राक्षं, स्वच्छ आणि रेखीव. चवीला धारदार, घशाखाली सरळ जातो आणि थोड्या वेळात तोंड मोकळं करतो. त्यात काही चुकीचं नाही, दुपारच्या उन्हात तोच बरा वाटेल.

पेरूचा ग्लास सुरुवातीला याच्या मागे आहे असं वाटलं. फुलं होती, पण त्यांच्या पाठीमागे काहीतरी जाड होतं. मग उकळलेल्या मनुकांचा वास आला, सुकलेल्या गवताचा आला, आणि पंधराव्या-विसाव्या मिनिटाला खरंच गुलाबपाणी आलं. चिलीच्या ग्लासात तो वास आम्ही कितीही शोधला तरी सापडला नाही. तोंडात दारू जाड लागली, जिभेवर तेलाचा पातळ थर बसावा तशी. याला गोडी म्हणण्याचा मोह होतो, पण साखर वाफेबरोबर येत नाही, ती हंड्यातच राहते. हा जाडपणा धार खाली जाऊ दिल्यामुळे सोबत आलेल्या जड पदार्थांचा. गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी मातीसारखा किंचित कडवटपणा ठेवते. तो कोणाला आवडेल, कोणाला नाही. मला आवडला.

मग दोन्हीत चमचाभर पाणी घातलं. चिलीच्या ग्लासात वास थोडा खुलला आणि बाकी काही बदललं नाही. ती दारू पाण्यातूनच तयार झालेली, आणखी थोडं पाणी तिला नवं नव्हतं. पेरूच्या ग्लासात मात्र पाण्याने विस्कळीतपणा आणला. जाडी गेली आणि शेपटीचा पुठ्ठ्यासारखा वास किंचित पुढे आला. एकदा गाळलेल्या पिस्कोत पाणी घालून पिऊ नये असं पेरूची माणसं का म्हणतात, ते तेव्हा कळलं.

पेरूमध्ये बाटलीची आणखी एक परीक्षा करतात, दारू न चाखता. बंद बाटली उलटी करून गोल फिरवायची. बुडबुड्यांचा भोवरा मधोमध दोरीसारखा उभा राहिला आणि वर फुलासारखा पसरला तर दारू योग्य तीव्रतेची. त्याला ते दोरी आणि गुलाब म्हणतात. तीव्रता ओळखायला हे ठीक आहे, पण शेपूट जास्त आली आहे का ते यातून कळत नाही. त्यासाठी बाटली फ्रीझरमध्ये ठेवा. दारू धुरकट झाली तर तिच्यात जड तेलकट पदार्थ बरेच आहेत. थोडी धूसरता चालते, दाट झाली तर समजायचं की गाळणाऱ्याने भांडं उशिरा बदललं.

‘दोनदा गाळलेली म्हणजे जास्त शुद्ध ना?’

लेबलवर ‘दोनदा गाळलेली’, ‘तीनदा गाळलेली’ असं मोठ्या अक्षरात छापतात ते याच समजुतीवर. शुद्ध म्हणजे अल्कोहोल आणि पाणी सोडून बाकी सगळं काढलेलं, असं धरलं तर हो, जास्त शुद्ध. पण हे ‘बाकी सगळं’ म्हणजेच ब्रँडी. ते पूर्ण काढलं की व्होडका उरते. कितीदा गाळलं हे विचारण्यापेक्षा धार कुठे तोडली हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

दुसऱ्या खेपेचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. तांबं वाइनमधले गंधकाचे पदार्थ पकडून ठेवतं, सडक्या अंड्याचा वास देणारे. दोनदा गाळलं की वाफ तांब्याला दोनदा भेटते. वाइनच्या तळाचा यीस्टचा गाळ भट्टीत टाकणाऱ्या कोन्याकवाल्यांना ते फार उपयोगी पडतं. एकदाच गाळणाऱ्याला तेवढी मुभा नाही.

‘मग एकदा गाळलेलीत विषारी मिथेनॉल जास्त राहत असेल’

ही भीती आपल्याकडे रास्त आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मेली. पण अशा घटनांमागे मिथेनॉल हे कारखान्यातून आणून दारूत मिसळलेलं असतं, द्राक्षातून आलेलं नसतं. द्राक्षाच्या सालीतून वाइनमध्ये थोडं मिथेनॉल येतं, ते फारच कमी. ‘पहिली धार फेकली की मिथेनॉल जातं’ हीही चुकीची समजूत आहे. पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल पहिल्या धारेत संपत नाही, ते पूर्ण धारेत विभागून येतं. म्हणून दोनदा गाळल्यानेही ते फारसं घटत नाही. डोकं काढतात ते मुख्यतः वाईट वासासाठी.

हे वाचून घरी प्रयोग करायची इच्छा झाली तर ती सोडून द्या. परवान्याशिवाय दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि बंद खोलीत साठ टक्क्यांची वाफ पेट घेते.

‘आर्मान्याकही एकदाच गाळतात, ती पिस्कोसारखी का नाही?’

हा प्रश्न जाणकार विचारतात. फ्रान्समधलीच आर्मान्याक ही ब्रँडी पारंपरिक पद्धतीत एकाच खेपेत काढतात, हे बरोबर. पण तिची भट्टी हंड्याची नाही. तो आत ताटल्या असलेला खांब असतो. वाइन वरून सतत उतरत राहते, वाफ खालून सतत चढत राहते आणि प्रत्येक ताटलीवर थोडं थोडं गाळणं होतं. एक खेप म्हटली तरी आतमध्ये अनेक लहान खेपा होतात, म्हणून ती पन्नाशीच्या वर निघते. डोकं, धड, शेपूट असा काळाचा क्रम तिथे नसतो, कारण सुरुवात आणि शेवट एकाच वेळी चालू असतात. पिस्कोत मात्र गाळणाऱ्याला ते तिन्ही भाग एका रात्रीत, एकापाठोपाठ एक, नाकाखालून जाऊ द्यावे लागतात.

एकाच खेपेत काय चुकू शकतं

सगळंच. वाइन किंचित आंबली असेल तर नेलपॉलिशचा वास डोक्यापुरता थांबत नाही, धडात उतरतो. अशा वेळी डोकं जास्त कापावं लागतं आणि त्याच्यासोबत फुलांचा वासही जातो, कारण लिनालूलही लवकरच येतो. वाइन टिकवण्यासाठी तिच्यात सल्फाइट हे गंधकाचं संयुग घातलं असेल तर ते काडीपेटीच्या वासाने ग्लासात उभं राहतं. वाइनमध्ये अल्कोहोल दहा टक्क्यांच्या खाली असेल तर ४४ ला पोहोचायच्या आत धार इतकी आखूड कापावी लागते की हाती फारसं काही उरत नाही, आणि लांबवली तर शेपूट आत येते. दुसरी खेप नाही, लाकूड नाही, पाणी नाही. वाइन चुकली की झाकायला काही नाही.

म्हणून पेरूच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव वाचणं महत्त्वाचं आहे. कायद्याने आठच जाती चालतात. केब्रांता, नेग्रा क्रिओया, मोयार आणि उविना या वास कमी असलेल्या. इतालिया, मोस्कातेल, अल्बिया आणि तोरोंतेल या सुवासिक. केब्रांताच्या बाटलीत फुलं शोधू नका, ती नसतात. तिथे सुकं गवत, केळं, मनुका आणि जिभेवरचा जाडपणा शोधा. जाती मिसळल्या असतील तर लेबलवर ‘अचोलादो’ लिहिलेलं असतं.

त्या रात्री ग्लास आम्ही धुतले नाहीत, मुद्दाम. सकाळी दोन्ही कोरडे झाले होते. चिलीच्या ग्लासाला वास नव्हताच म्हटलं तरी चालेल, काचेचाच काय तो. पेरूच्या ग्लासाच्या तळाशी गुलाबपाणी आणि भाजलेल्या मनुका अजून होत्या, आणि त्यांच्याखाली किंचित ओला पुठ्ठाही. गाळणाऱ्याने भांडं बदलायला जरा उशीर केला होता.